पोस्टरसमोर उभं राहिल्यावर: अनोळखी माणसांचे प्रश्न आणि अभ्यासातल्या कच्च्या बाजू

पोस्टर छापून होतं, पिना लावून होतात, आणि मग तास-दीड तास तुम्ही त्या बोर्डाजवळ उभे असता. समोरून येणारा कोण आहे हे माहीत नसतं. तो तुमच्या विषयातला प्राध्यापक असू शकतो, दुसऱ्या कॉलेजचा पीजी विद्यार्थी असू शकतो, किंवा चहाचा कप घेऊन नुसता फिरणारा माणूस. तोंडी परीक्षेत निदान परीक्षक कोण हे ठाऊक असतं, इथे तेही नाही. आणि नेमका एखादा अनोळखी माणूस असा प्रश्न विचारतो की अभ्यासातलं भगदाड सगळ्यांसमोर उघडं पडतं.

हा लेख त्या प्रश्नांबद्दल आहे. नवी मुंबई-ठाण्याच्या परिषदांमध्ये वैद्यकीय आणि सामाजिक आरोग्याची पोस्टर बरीच असतात, म्हणून उदाहरण तिथलंच घेतलं आहे. अभ्यास काल्पनिक आहे आणि आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण असे अभ्यास दर वर्षी होतात आणि त्यांना हेच प्रश्न येतात.

उदाहरण असं. ठाणे स्टेशनाजवळच्या रिक्षा स्टँडवर १४८ चालकांना विचारलं, २८ जणांनी नकार दिला, १२० जणांचं बीपी डिजिटल यंत्रावर एकदा मोजलं. ४२ जणांचं १४०/९० किंवा त्याहून जास्त निघालं, म्हणजे ३५ टक्के. दिवसपाळीच्या ७० पैकी २१ (३० टक्के) आणि रात्रपाळीच्या ५० पैकी २१ (४२ टक्के). पोस्टरवर ठळक निष्कर्ष: रात्रपाळीमुळे रिक्षाचालकांमध्ये उच्च रक्तदाब वाढतो.

### १. सोबत काय न्यायचं

पोस्टर आयोजकांनी सांगितलेल्या मापाचं आहे ना, हे छपाईच्या आधी पाहा. ए-शून्य म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटर. काही ठिकाणी तीन बाय चार फूट मागतात, आणि उभं की आडवं हेही ठरलेलं असतं. पावसाळ्यात ट्रान्स-हार्बर लोकलने वाशी किंवा नेरूळला येणार असाल तर झाकणाची प्लॅस्टिक नळी घ्या, पुठ्ठ्याची नळी ठाण्याच्या फलाटावरच मऊ पडते.

खरी तयारी मात्र एका फोल्डरमध्ये मावते:

- पोस्टरच्या ए-फोर आकाराच्या दहा-पंधरा प्रती
- कोरा प्रश्नावलीचा फॉर्म (भरलेला फॉर्म कधीही नाही, त्यावर लोकांची नावं असतात)
- एथिक्स कमिटीच्या मंजुरीपत्राची प्रत
- पोस्टरवर न मावलेले तक्ते एका कागदावर: वयोगटानुसार आकडे, नकार देणारे किती, कोणतं यंत्र, कोणत्या वेळी मोजलं
- खिशात मावेल अशी वही आणि पेन

तक्त्यांचा कागद सगळ्यात महत्त्वाचा. मोबाइलवर एक्सेल उघडून आकडा शोधायला लागलात की समोरचा माणूस ‘असू दे, असू दे’ म्हणत पुढे जातो. आणि गेलेला माणूस परत येत नाही.

### २. पहिली तीस सेकंदं

बोर्डाच्या मध्ये उभे राहू नका, बाजूला राहा. आलेल्या माणसाला आधी दहा-पंधरा सेकंद वाचू द्या. मग ‘थोडक्यात सांगू का?’ एवढंच विचारा. ‘हो’ म्हणाले तर तीन-चार वाक्यं:

‘ठाणे स्टेशनाजवळच्या स्टँडवर १२० रिक्षाचालकांचं बीपी मोजलं. ३५ टक्के लोकांचं जास्त निघालं. रात्रपाळीत प्रमाण जास्त दिसतं, पण रात्रपाळीत चाळिशीपुढची माणसं जास्त आहेत. वय लक्षात घेतलं की फरक बराच कमी होतो.’

शेवटची दोन वाक्यं मुद्दाम घातली आहेत. कच्ची बाजू तुम्हीच आधी सांगितली की पुढचं बोलणं ‘चूक सापडली’ या सुरात होत नाही, ‘मग तुम्ही काय केलंत?’ या सुरात होतं. पण म्हणून सगळ्याच उणिवा पहिल्या तीस सेकंदांत ओतू नका. जी सर्वात मोठी, तीच.

इथे एक साधा प्रश्न तुम्हीही विचारा: ‘सर, आपलं काम कशात आहे?’ मॅडम कार्डिऑलॉजीच्या निघाल्या तर बोलणं मोजमापाकडे जाईल. आकडेशास्त्राचे सर असतील तर सॅम्पलकडे. रिक्षा युनियनशी संबंधित कोणी असेल तर त्याला टक्केवारीपेक्षा ‘आता काय करायचं’ हे हवं असतं. उत्तर त्याप्रमाणे लांब किंवा आखूड ठेवता येतं. भाषेचंही तसंच. प्रश्न ज्या भाषेत आला त्याच भाषेत उत्तर द्या. पोस्टर इंग्रजीत असलं तरी विचारणारा मराठीत बोलतो आहे आणि तुम्ही पाठ केलेलं इंग्रजी म्हणताय, हे कानाला खटकतं. आकडे दोन्ही भाषांत मोठ्याने म्हणून पाहिलेले असले की ऐन वेळी जीभ अडखळत नाही.

### ३. उणिवेवरच्या प्रश्नाला उत्तर कसं बांधायचं

बहुतेक नवखे दोनपैकी एक गोष्ट करतात. एक, बचाव: ‘पण सर, आम्ही पूर्ण काळजी घेतली होती.’ दोन, शरणागती: ‘हो सर, ही आमच्या अभ्यासाची मर्यादा आहे.’ दोन्हींत प्रश्नाचं उत्तर नाही. विचारणाऱ्याला उणीव आहे हे दिसलेलंच असतं. त्याला हे हवं असतं की त्या उणिवेमुळे तुमचा आकडा कुठल्या बाजूला सरकला आणि किती.

म्हणून प्रत्येक उणिवेसाठी घरीच चार ओळी लिहून ठेवा:

- उणीव नेमकी काय
- त्यामुळे आकडा वर जातो, खाली जातो, की सांगता येत नाही
- साधारण किती
- त्यानंतरही अभ्यासातलं काय टिकतं

चौथी ओळ लिहिताना पेन अडलं तर ते आधीच कळलेलं बरं, कारण मग पोस्टरचा निष्कर्ष बदलायला वेळ असतो.

आता आपल्या रिक्षाचालकांच्या पोस्टरवर येणारे प्रश्न एकेक करून घेऊ.

### ४. ‘सॅम्पल साइज कसा काढला?’

आपल्याकडच्या मेडिकल कॉलेजांमध्ये हा प्रश्न हटकून येतो, आणि विचारणारा मनातल्या मनात ४ पीक्यू भागिले एलचा वर्ग हे सूत्र मांडतच उभा असतो. आधीच्या अभ्यासांवरून प्रमाण ३० टक्के धरलं आणि चूक ५ टक्क्यांपर्यंत चालेल असं ठरवलं, तर:

```
4 × 30 × 70 / (5 × 5) = 336
```

तुमच्याकडे आहेत १२०. इथली नेहमीची लबाडी म्हणजे उलटं गणित: १२० आधी मिळाले, मग सूत्रात एल साडेआठच्या आसपास घालून १२० ‘काढले’. ही पकडायला एक प्रश्न पुरतो: ‘साडेआठच का?’ चुकीची मर्यादा साधारण ५ किंवा १० अशी सरळ आकड्यात ठरवतात. साडेआठ कोणी आधी ठरवत नाही.

सरळ उत्तर जास्त मजबूत आहे: ‘५ टक्के चुकीसाठी ३३६ लागले असते. आम्हाला दोन महिन्यांत १२० मिळाले. म्हणून आमचे ३५ टक्के हे साधारण २६ ते ४४ यांच्या दरम्यान समजायचे.’ तो पट्टा असा येतो:

```
0.35 ± 1.96 × √(0.35 × 0.65 / 120) = 0.35 ± 0.085
```

हा पट्टा, म्हणजे ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल, पोस्टरवरच छापलेला असेल तर प्रश्न निम्मा तिथेच संपतो. मात्र एक लक्षात ठेवा: हा पट्टा फक्त सॅम्पल लहान असल्याची अनिश्चितता सांगतो. मोजमाप चुकलं असेल किंवा चुकीची माणसं निवडली असतील तर ती चूक त्या पट्ट्यात धरलेली नसते. ‘इंटरव्हल दिला आहे ना’ असं म्हणून बाकीचे प्रश्न टाळता येत नाहीत, आणि जाणकार माणूस टाळूही देत नाही.

### ५. ‘एकच रीडिंग घेतलं?’

हा मोजमापाचा प्रश्न आहे आणि रास्त आहे. पहिलं रीडिंग बहुधा जास्त येतं. माणूस नुकताच येऊन बसलेला असतो, अनोळखी कोणी दंडाला पट्टा बांधत असतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या स्टेप्स पाहणीत तीन रीडिंग घेऊन शेवटच्या दोहोंची सरासरी धरतात. शिवाय मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवणं, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर, आणि दंडाच्या घेराला बसणारा पट्टा, हे सगळं लागतं. घेर जास्त असलेल्या दंडाला लहान पट्टा बांधला तर रीडिंग वर जातं. रिक्षा स्टँडवर यातलं किती जमलं हे तुम्हालाच माहीत.

उत्तर चार ओळींच्या चौकटीत बसवून: ‘हो मॅडम, एकच. पाच मिनिटं बसवलं होतं, पण चहा-तंबाखूबद्दल विचारलं नाही. दोन्ही गोष्टींनी आकडा वर जातो, त्यामुळे खरं प्रमाण ३५ पेक्षा कमी असण्याची शक्यता जास्त. किती कमी ते आमच्या माहितीवरून सांगता येत नाही. म्हणून आम्ही याला उच्च रक्तदाबाचं निदान म्हणत नाही, तपासणीत वाढलेलं बीपी म्हणतो.’

शेवटचं वाक्य पोस्टरवरही तसंच हवं. पोस्टरवर ‘उच्च रक्तदाबाचे रुग्ण’ छापलेलं आणि तोंडाने वेगळं सांगताय असं झालं तर समोरच्याची नजर आधी छापलेल्या ओळीकडे जाते.

‘१३० की १४०?’ हा जोडप्रश्नही येतो, कारण अमेरिकेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी उंबरठा १३०/८० वर आणला. आपण १४०/९० धरला आहे एवढं सांगा. १३०/८० ने किती आले असते हा आकडा तक्त्यांच्या कागदावर तयार ठेवा, वाद घालत बसू नका.

### ६. ‘नकार देणारे २८ जण कोण होते?’

पोस्टरवर बऱ्याचदा फक्त १२० लिहिलेलं असतं. विचारणारा म्हणतो, ‘सगळे तयार झाले?’ इथे गप्प बसलात किंवा ‘बहुतेक सगळे’ म्हणालात तर संशय वाढतो.

नकार देणाऱ्यांचं बीपी माहीत नाही, मग दिशा सांगायची कशी? एक सोपी रीत आहे: दोन्ही टोकं काढायची. त्या २८ पैकी एकाचंही बीपी वाढलेलं नव्हतं असं धरलं, तर १४८ पैकी ४२, म्हणजे २८ टक्के. सगळ्यांचं वाढलेलं होतं असं धरलं, तर १४८ पैकी ७०, म्हणजे ४७ टक्के. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी. पट्टा रुंद आहे, पण अगदी खालच्या टोकालाही चारातल्या एकापेक्षा जास्त चालकांचं बीपी त्या रीडिंगला वाढलेलं होतं. ‘नकार धरूनही निदान एवढं म्हणता येतं’ हे उत्तर पुष्कळ पुढे नेतं.

याच्याशी जोडलेली आणखी एक उणीव आहे, जी अनुभवी माणसंच विचारतात: ज्यांना पक्षाघात झाला किंवा तब्येत फारच बिघडली ते आता रिक्षा चालवतच नाहीत, म्हणजे स्टँडवर सापडणारच नाहीत. इथे दिशा स्पष्ट आहे, आकडा खाली जातो. एकच रीडिंग वर नेतं, हे खाली आणतं. पण म्हणून दोन्ही एकमेकांना फिटतात असं म्हणू नका. कोणी कितीने ढकलतं हे माहीत नसताना ‘शेवटी बरोबरी होते’ म्हणणं म्हणजे नुसता अंदाज आहे.

### ७. ‘रात्रपाळीचे चालक वयाने मोठे नाहीत का?’

पोस्टरचा ठळक निष्कर्ष इथे अडचणीत येतो, म्हणून इथे थोडं थांबू.

आधी दोन पाळ्यांमधला फरकच बघा. ४२ वजा ३० म्हणजे १२ टक्क्यांचा. सॅम्पल लहान असल्याने त्याचा इंटरव्हल साधारण उणे ५ ते अधिक २९ येतो आणि पी व्हॅल्यू ०.१७. म्हणजे वयाचा प्रश्न यायच्या आधीच ‘वाढतो’ हे ठासून सांगण्याइतका पुरावा नाही. पण ‘फरक नाही’ असंही यातून सिद्ध होत नाही. पट्ट्यात शून्यही आहे आणि २९ ही आहे. ‘पी व्हॅल्यू ०.०५ पेक्षा जास्त, म्हणजे रात्रपाळीचा परिणाम होत नाही’ हे वाक्य तोंडातून निघालं की आकडेशास्त्राचे सर तिथेच धरतील, आणि बरोबर धरतील.

आता वय. तक्त्यांच्या कागदावर हे असायला हवं:

- चाळिशीखालचे: दिवसपाळीत ४० पैकी ८ (२० टक्के), रात्रपाळीत १५ पैकी ३ (२० टक्के)
- चाळीस आणि पुढचे: दिवसपाळीत ३० पैकी १३ (४३ टक्के), रात्रपाळीत ३५ पैकी १८ (५१ टक्के)

चाळिशीखाली फरक शून्य. चाळिशीपुढे ८ टक्क्यांचा. दिवसपाळीत चाळिशीपुढचे ७० पैकी ३०, रात्रपाळीत ५० पैकी ३५. वय वाढलं की बीपी वाढतं, आणि रात्रपाळीत वयस्क जास्त, त्यामुळे एकूण आकड्यात रात्रपाळी वाईट दिसते.

दोन्ही पाळ्यांत वयाची विभागणी सारखी असती तर काय झालं असतं, हेही काढता येतं. सगळ्या १२० जणांमध्ये चाळिशीखालचे ५५ आणि पुढचे ६५ आहेत. हीच विभागणी दोन्ही पाळ्यांना लावायची:

```
दिवस: (55 × 0.20 + 65 × 0.433) / 120 = 32.6%
रात्र: (55 × 0.20 + 65 × 0.514) / 120 = 37.0%
```

१२ टक्क्यांचा फरक साडेचारच्या आत आला. हा हिशेब कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांचा आहे, पण तो घरी करायचा. बोर्डासमोर गणित मांडायला बसलात तर एखादा आकडा चुकतो आणि मग ती चूकच चर्चेचा विषय होते.

उत्तर असं जातं: ‘बरोबर आहे सर. एकूण फरक १२ टक्के दिसतो, वय जुळवलं की साडेचारच्या आसपास राहतो. फक्त दोन वयोगट केलेत, त्यामुळे वयाचा थोडा परिणाम त्यातही उरलेला असू शकतो. या सॅम्पलवरून रात्रपाळीबद्दल ठाम सांगता येणार नाही. टिकतं ते एवढंच की चाळिशीपुढच्या चालकांमध्ये दोन्ही पाळ्यांत प्रमाण जास्त आहे.’

आणि मग शीर्षकाचं काय? शीर्षक छापून झालेलं असेल तर ते सावरत बसू नका. ‘शीर्षक आकड्यांपेक्षा पुढे गेलं आहे’ हे एकदा मोकळेपणाने म्हणा आणि पुढच्या मुद्द्याकडे वळा. जज असले तरीसुद्धा. शीर्षक वाचवण्यासाठी दहा मिनिटं झगडणाऱ्यापेक्षा हे वाक्य म्हणणाऱ्याला स्वतःचं काम जास्त समजलेलं आहे, हे त्यांना दिसतं.

### ८. ज्या प्रश्नाला उत्तरच नाही

समजा एक मॅडम विचारतात, ‘मोजलं कधी?’ तुम्ही अभिमानाने सांगता, ‘दोन्ही पाळ्यांचं सकाळी आठला, वेळ सारखी ठेवली.’ त्या क्षणभर थांबतात आणि म्हणतात, ‘म्हणजे दिवसवाले झोपून उठून आलेले, आणि रात्रवाले रात्रभर जागून?’

घड्याळात वेळ सारखी, पण शरीराच्या दृष्टीने नाही. रात्रपाळीचा माणूस ड्युटीच्या शेवटी आहे, झोप झालेली नाही, जागं राहायला चहा-तंबाखू झालेली असण्याची शक्यता आहे. उरलेला साडेचार टक्क्यांचा फरक वर्षानुवर्षं रात्री काम केल्याचा आहे की फक्त त्या एका रात्रीच्या जागरणाचा, हे या माहितीतून वेगळं काढता येत नाही. वय मोजलेलं होतं, म्हणून ते जुळवता आलं. इथे पाळी आणि जागरण प्रत्येक माणसात जोडीनेच आलेले आहेत, त्यामुळे कोणत्याही सॉफ्टवेअरने ते सुटत नाहीत. रिग्रेशनमध्ये आणखी दोन गोष्टी घातल्याने काही होत नाही.

अशा प्रश्नाला लांब उत्तर नसतं. ‘हे आमच्या लक्षात आलं नव्हतं. या माहितीत ते सुटणार नाही. सुट्टीच्या दिवशी, झोप झाल्यावर त्याच चालकांचं पुन्हा मोजावं लागेल.’ बस. इथे ‘पुढील संशोधनास वाव आहे’ असलं पुस्तकी वाक्य नको. नेमकं काय, कधी, कोणाचं मोजायचं हे सांगितलं की पुरे. शक्य असेल तर त्यांनाच विचारा, ‘मॅडम, तुम्ही कसं मोजलं असतं?’ हा प्रश्न वेळ काढण्यासाठी विचारला तर लगेच कळतो. विचारल्यावर वही काढून उत्तर लिहून घ्या.

‘माहीत नाही’ याचेही दोन प्रकार आहेत आणि ते वेगळे ठेवा. कोणी विचारलं, ‘बीपीची गोळी घेणारे, पण त्या दिवशी नॉर्मल निघालेले कुठे धरले?’ तर हे शोधता येण्यासारखं आहे. फॉर्ममध्ये औषधांचा रकाना आहे, फक्त मोजलेलं नाही. उत्तर: ‘ते ४२ मध्ये धरलेले नाहीत, म्हणजे प्रमाण कमी दाखवलं गेलं आहे. किती ते फॉर्मवरून मोजून कळवतो.’ जे शोधता येतं तिथे तारीख द्या. जे शोधताच येत नाही तिथे तसं सांगा. दोन्हीकडे ‘बघून सांगतो’ म्हणालात तर दुसरं आश्वासन पोकळ ठरतं.

तोंडाला आला म्हणून आकडा ठोकून देऊ नका, हे वेगळं सांगायला नको. तरी होतं. ‘साधारण दहा-बारा असतील’ असं कोणी म्हणतं, आणि शेजारी उभा असलेला को-ऑथर त्याच वेळी ‘चार-पाच’ म्हणतो.

### ९. माणसांचे काही नमुने

प्रश्न न विचारता भाषण देणारे. पाच मिनिटं स्वतःच्या अभ्यासाबद्दल बोलतात. मागे दोन माणसं थांबलेली असतील तर त्यांच्याकडे पाहून ‘सर, यांनाही काही विचारायचं होतं, मग आपण निवांत बोलू’ एवढं म्हटलं तर चालतं. ज्येष्ठ असले तरी कोणी रागावत नाही, फक्त सूर नम्र हवा.

तोडून बोलणारे. ‘याला अभ्यास म्हणतात?’ असा सूर आला तर सुराला उत्तर देऊ नका, त्यातला मुद्दा शोधा. ‘आपला आक्षेप सॅम्पलवर आहे की मोजमापावर?’ असं विचारलं की बहुतेक वेळा नेमका प्रश्न बाहेर येतो. आक्षेप ऐकून घेताना मान हलवत राहू नका, ते मान्य केल्यासारखं दिसतं. प्रश्न तुमच्या शब्दांत पुन्हा म्हणा, मग उत्तर द्या. त्यात विचार करायला पाच सेकंदही मिळतात.

गाइडचे परिचित. ‘तुमच्या सरांनी हे बघितलं नाही?’ या प्रश्नात पडू नका. गाइडवर ढकलायचं नाही आणि गाइडची वकिलीही करायची नाही. ‘विश्लेषण मी केलंय, मुद्दा मला सांगा.’

डेटा मागणारे. एक्सेल फाइल तिथल्या तिथे कोणाला व्हॉट्सअ‍ॅप करू नका. चालकांच्या परवानगीपत्रात काय लिहिलं आहे, एथिक्स कमिटीने काय मंजूर केलं आहे, ते पाहूनच गाइडमार्फत द्या. कोरी प्रश्नावली मात्र लगेच द्यायला हरकत नाही.

जज. हे बहुधा दोघं-तिघं एकत्र येतात, हातात गुणांचा कागद असतो आणि वेळ फार थोडा. त्यांच्यासाठी ती तीस सेकंदं आणि एक मोठी उणीव, एवढंच पुरतं. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर द्या, पुढच्या प्रश्नाचं आगाऊ देऊ नका.

### १०. आदल्या आठवड्यात सराव

सराव आपल्याच बॅचमेटसमोर केला तर तो तुमच्या बाजूनेच विचार करतो. विषयाबाहेरचा एक माणूस आणि दुसऱ्या विभागातला एक सीनियर, असे दोघं पुरतात. त्यांना पोस्टर द्या आणि सांगा, ‘हा निष्कर्ष खोटा पाडून दाखवा.’ त्यांनी काढलेले पहिले पाच आक्षेप म्हणजे तुमच्या चार ओळींच्या कागदांची यादी.

प्रत्येक उत्तर मोठ्याने म्हणून घड्याळ लावा. उणिवेवरचं उत्तर चाळीस सेकंदांपेक्षा लांबलं तर बहुधा त्यात बचाव शिरलेला असतो. तो काढा.

### ११. संध्याकाळी

प्रश्न त्याच दिवशी लिहून काढा, परतीच्या लोकलमध्ये बसायला मिळालं तर तिथेच. प्रश्न, कोणी विचारला, तुम्ही काय उत्तर दिलंत, आणि ते बरोबर होतं का. सकाळपर्यंत थांबलात तर प्रश्न आठवतो पण त्यातला नेमकेपणा जातो. ‘वेळेबद्दल काहीतरी विचारलं’ एवढंच राहतं.

आश्वासन दिलेला मेल तीन-चार दिवसांत पाठवा. छोटा चालतो:

‘नमस्कार मॅडम, शनिवारी पोस्टरजवळ आपण औषध घेणाऱ्यांबद्दल विचारलं होतं. फॉर्म पुन्हा तपासले. सहा चालक औषध घेत होते आणि त्यांचं रीडिंग नॉर्मल होतं. ते धरले तर १२० पैकी ४८, म्हणजे ४० टक्के. लेख पाठवताना दोन्ही आकडे देणार आहोत. जागरणाबद्दलचा आपला मुद्दा मर्यादांमध्ये स्वतंत्रपणे लिहिला आहे.’

हाच मेल गाइड आणि को-ऑथरनाही कॉपी करा, नाहीतर जर्नलला जाणाऱ्या मसुद्यात जुनाच आकडा राहून जातो. परिषदेच्या अ‍ॅब्स्ट्रॅक्ट पुस्तिकेत चुकीचा आकडा छापला गेला असेल तर आयोजकांना दुरुस्तीचं विचारून बघा. ऑनलाइन आवृत्ती असेल तर ती बदलण्याची शक्यता असते. आणि तेच पोस्टर दुसऱ्या परिषदेला नेणार असाल तर शीर्षक बदलूनच पुन्हा छापा: ‘ठाण्यातील रिक्षाचालकांमध्ये तपासणीत वाढलेलं बीपी: वय आणि पाळीनुसार प्रमाण.’